पर्सेंटाइलची रेष ओलांडली, म्हणजे नेमकं काय झालं?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. ऐकताना चार्ट डोळ्यासमोर नसतो आणि आकडे एका कानातून दुसऱ्या कानात निघून जातात, म्हणून या वेळी मी आकडे इथे जरा नीट मांडलेत. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचत असाल तर सरळ वाचत जा. घरी गेल्यावर मुलाची फाइल काढून पुन्हा एकदा बघा.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मुलुंडला दवाखाना आहे. एक आई आली होती, मुलगी कडेवर, दुसऱ्या हातात मोबाइल. मुलीचा पहिला वाढदिवस आठवड्यावर आलेला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "डॉक्टर, ही ८०वरून ३०वर आली." मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये वजनाचा एक ठिपका लाल रंगात दिसत होता. सोबत सासूबाई होत्या. त्यांचं निदान आधीच झालं होतं, "हिचं दूध पुरत नाही, डब्याचं सुरू करू या म्हणते मी कधीची." आई काही बोलली नाही. पण तिचा चेहरा बघून कळत होतं की हे वाक्य घरात बऱ्याचदा बोललं गेलंय.

आजचा सगळा विषय त्या ८० आणि ३०च्या मधला आहे. (ओळख पटू नये म्हणून दोन्ही मुलांचे काही तपशील मी बदललेत.)

आधी पर्सेंटाइल म्हणजे काय ते बघू. एकाच वयाच्या शंभर मुली वजनानुसार एका रांगेत उभ्या करा, सगळ्यात हलकी पुढे, सगळ्यात जड मागे. १५वं पर्सेंटाइल म्हणजे साधारण पंधरा मुली हिच्यापेक्षा हलक्या आणि बाकीच्या जड. बस, एवढंच. हे मार्क नाहीत. आपल्या डोक्यात पस्तीसला पास बसलेलं असतं, त्यामुळे "फक्त १५?" असं लगेच तोंडातून येतं. पण रांगेत कुणीतरी पंधरावं असणारच, आणि ते मूल पूर्ण निरोगी असू शकतं. उलट ७५व्या रेषेवरचं मूल आजारी असू शकतं. एका दिवसाचा आकडा फक्त रांगेतली जागा सांगतो. मूल वाढतंय की नाही हे कळायला निदान तीन ठिपके लागतात, महिन्या-महिन्यांच्या अंतराने घेतलेले.

आता ही रांग कुणाची? पाच वर्षांपर्यंत आपण जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ सालचे चार्ट वापरतो. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या मुलांची मापं घेतली होती, आणि त्यातला एक देश भारत होता, शहर दिल्ली. त्यामुळे "ते फॉरेनचे चार्ट आहेत, आपल्या मुलांना लागू नाहीत" हे खरं नाही. आईचं दूध मिळालेली, घरात धूम्रपान करणारी आई नसलेली, बऱ्या परिस्थितीतली मुलं त्यात निवडली होती. म्हणजे मूल नीट पोसलं गेलं तर कसं वाढतं, हे तो चार्ट दाखवतो. पाच वर्षांनंतर आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे, आयएपीचे, २०१५ सालचे चार्ट वापरतात. त्या कामात पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. चार्ट बनवताना त्यांनी जादा वजनाची मुलं हिशोबातून वगळली. नाहीतर काय झालं असतं, शहरातली मुलं जाड होत गेली की चार्टवरची मधली रेषही वर सरकत गेली असती, आणि जाडपणाच नॉर्मल वाटायला लागला असता.

परत आपल्या मुलीकडे येऊ. मी अ‍ॅप बाजूला ठेवलं आणि फाइलमधली वजनं कागदावर लिहिली. जन्माला ३.६ किलो. तीन महिन्यांना ६.३. सहा महिन्यांना ७.६. नवव्या महिन्यात, गोवरच्या लशीच्या वेळी, ८.१. आणि आता बारा महिन्यांना ८.४.

मुलींच्या चार्टवर मधली, म्हणजे ५०वी रेष अशी जाते: जन्माला ३.२, तीन महिन्यांना ५.८, सहाला ७.३, नऊला ८.२, बाराला ८.९ किलो. आता दोन्ही रांगा शेजारी ठेवून बघा. आपली मुलगी मधल्या रेषेच्या बरीच वर सुरू झाली, सहा महिन्यांपर्यंत वरच राहिली, नऊ महिन्यांना रेषेला टेकली आणि वर्षाला अर्धा किलो खाली गेली. रेष ओलांडली, हे अगदी खरं.

एक गोष्ट मात्र लगेच दिसते. मधल्या रेषेवरची मुलगी पहिल्या सहा महिन्यांत चार किलोंहून जास्त कमावते, आणि पुढच्या सहा महिन्यांत जेमतेम दीड-पावणेदोन किलो. वाढ मंदावणं हे चार्टमध्येच आहे. तरी प्रत्येक घरात आठव्या-नवव्या महिन्यात "बाळ वाळलं" सुरू होतं, कारण पहिल्या महिन्यांतला तो वेग सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला असतो.

पण हिची वाढ मधल्या रेषेपेक्षाही मंद होती. मग मी काय बघितलं?

सगळ्यात आधी काटा. मागचं वजन दुसरीकडे झालं होतं का? डायपर होतं का? भिजलेलं डायपर, अंगावर स्वेटर, हातात चांदीचे वाळे, सगळं धरून तीनशे-चारशे ग्रॅमचा फरक सहज पडतो. आणि मधल्या रेषांजवळ तीनशे ग्रॅम म्हणजे खूप. वर्षाची मुलगी ८.९ किलो असेल तर ५०वर, ८.६ असेल तर साधारण ३८वर. एका ओल्या डायपरने बारा अंक! म्हणून मी तिला उघडं करून, माझ्याच काट्यावर, दोनदा तोललं. ८.४ पक्कं.

इथे थोडं थांबते, कारण अ‍ॅप वापरणाऱ्यांनी हे समजून घ्यायला हवं. रांगेच्या मध्यभागी मुलांची दाटी असते, दादर स्टेशनच्या पुलावर असते तशी. तिथे जरा सरकलात तरी दहा जण मागे-पुढे होतात. रांगेच्या टोकाला मात्र जागा मोकळी असते. वर्षाच्या मुलींमध्ये तिसरी रेष ७.१ किलोवर आहे. तिथली मुलगी तेवढेच तीनशे ग्रॅम घटली तर अ‍ॅपवरचा आकडा ३वरून १-२वर येतो, एवढंच. आई म्हणते, "एकाचाच फरक पडला." खरं तर तो फरक जास्त गंभीर आहे. म्हणजे आकडा जिथे जोरात हलतो तिथे बऱ्याचदा काही झालेलं नसतं, आणि जिथे हलतच नाही तिथे काळजी असू शकते. म्हणून आकड्यापेक्षा मी ठिपके आणि त्यांची दिशा बघते.

वजनानंतर लांबी. हे घरी आणि अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त सुटतं. वजन रोज डोळ्यात येतं, लांबी कोण मोजतंय? आणि मोजायलाही अवघड. दोन माणसं लागतात, एकाने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ करायचे. टेपने पलंगावर मोजलेली लांबी मी धरतच नाही. फाइलमध्ये नीट मोजलेल्या लांब्या होत्या: जन्माला ५०, सहा महिन्यांना ६६, नऊला ६९.५, आणि आता ७२.५ सेंटिमीटर. मधली रेष वर्षाला ७४वर असते. म्हणजे लांबीसुद्धा मधल्या रेषेच्या थोडं वरून थोडं खाली आली होती, वजनासोबतच. डोक्याचा घेर मात्र सहा महिन्यांना ४२, आता ४४.७, दोन्ही वेळा मधल्या रेषेच्या जरासाच खाली, जागचा हललेला नाही.

हा क्रम लक्षात ठेवा. मुलाला अन्न कमी पडत असेल तर आधी वजन घसरतं, कारण शरीर साठवलेलं वापरतं. तसंच चालू राहिलं तर काही महिन्यांनी लांबीही मागे पडते. डोकं सगळ्यात शेवटी, कारण मेंदूचा वाटा शरीर शेवटपर्यंत राखून ठेवतं. त्यामुळे वजन घसरलंय, लांबी जागच्या जागी आहे आणि मूल दिवसेंदिवस किडकिडीत दिसतंय, असं चित्र असेल तर मी लगेच खाण्याची आणि आजाराची चौकशी करते. हिच्यात वजन आणि लांबी हातात हात घालून उतरत होते. लांबीच्या मानाने वजन ठीक होतं, मुलगी किडकिडीत नव्हती.

मग मी आई-बाबांच्या उंच्या विचारल्या. आई १५० सेंटिमीटर, बाबा १६३. एक साधा हिशोब असतो: दोघांच्या उंच्यांची बेरीज करायची, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, मुलगा असेल तर १३ मिळवायचे आणि दोनाने भागायचं. इथे १५० अधिक १६३ उणे १३, भागिले दोन, म्हणजे १५०. तिची मोठेपणीची उंची साधारण याच्या आसपास, थोडी मागे-पुढे. घरातलं अंगच लहानखुरं.

आणि मग जन्माचं वजन एवढं कसं? आईला गरोदरपणात शुगर निघाली होती. जन्माच्या वेळचं वजन बाळाच्या स्वतःच्या गुणसूत्रांपेक्षा आईच्या पोटातल्या परिस्थितीवर जास्त ठरतं. आईची साखर वाढलेली असली की बाळ मोठं जन्मतं. बाहेर आल्यावर, साधारण पहिल्या दीड-दोन वर्षांत, मूल हळूहळू आपल्या घराण्याच्या रेषेवर येतं. मोठं जन्मलेलं खाली उतरतं, आणि उंच आई-बापांचं लहान जन्मलेलं मूल वर चढतं. या वयात एखादी रेष ओलांडणं हे खूप मुलांमध्ये होतं आणि त्यातल्या बहुतेकांना काही झालेलं नसतं.

"बहुतेकांना" म्हटलं, सगळ्यांना नाही. म्हणून मी खाणं विचारलं, आणि नीट विचारलं. "वरण-भात खाते" या उत्तरावर मी थांबत नाही. वरण की वरणाचं पाणी? वरणाच्या पाण्यात पाणीच असतं हो, डाळ तळाशी राहते. वाटी केवढी, तूप किती, दिवसातून किती वेळा? ही मुलगी घट्ट वरण-भात तूप घालून, नाचणीचं सत्त्व, केळं, अर्धं अंडं आणि वर आईचं दूध असं सगळं घेत होती. उलट्या नाहीत, सारखे जुलाब नाहीत, सोफ्याला धरून चालत होती.

मी रक्त तपासलं नाही, डबाही लिहून दिला नाही. तीन महिन्यांनी याच काट्यावर या म्हटलं. सासूबाईंना चार्ट दाखवला, त्यांच्या मुलाची उंची त्यावर कुठे येते तेही दाखवलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे सगळे असेच." आईने एवढ्या वेळात पहिल्यांदा पर्स खाली ठेवली. पंधरा महिन्यांना मुलगी ९ किलो, अठराला ९.६. दोन्ही वेळा ३०च्या जरा खाली, म्हणजे १५ आणि ५०च्या रेषांच्या मध्ये, त्यांना समांतर. उतरणं थांबलं. रेष सापडली की मूल तिथे स्थिरावतं, आणि तीच खूण मला हवी होती. पंधरा महिन्यांना ती अजून खाली गेली असती, १५च्या रेषेकडे, तर मी गप्प बसले नसते.

"दोन रेषा ओलांडल्या तर काळजी" असा एक नियम तुम्ही ऐकला असेल. तो उपयोगी आहे, पण कोणत्या चार्टवर ते विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या चार्टवर ३, १५, ५०, ८५, ९७ अशा पाचच रेषा असतात, लांब लांब. आयएपीच्या उंची-वजनाच्या चार्टवर ३, १०, २५, ५०, ७५, ९०, ९७ अशा सात असतात, जवळजवळ. त्यामुळे पहिल्या चार्टवर एक रेष ओलांडण्यातच दुसऱ्यावरच्या दीड-दोन रेषांएवढी घसरण लपलेली असू शकते. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माता-बाल कार्डावर तर हिरवा, पिवळा, नारिंगी असे पट्टेच असतात. पिवळा पट्टा तिसऱ्या रेषेच्याही जरा खाली सुरू होतो. एखादं मूल ८५वरून ५वर आलं तरी ते हिरव्यातच असतं आणि "ठीक आहे" म्हणून घरी जातं. कार्डाचा दोष नाही, ते कुपोषित मूल हुडकायला बनवलंय आणि ते काम चांगलं करतं. तुम्ही मात्र पट्ट्याचा रंग बघून न थांबता मागचे ठिपके जोडून बघा.

अजून एक चूक अ‍ॅपवर फार होते. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वयातून वजा करायचे, दोन वर्षांचं होईपर्यंत. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ कॅलेंडरने सहा महिन्यांचं असेल तर चार्टवर ते साधारण चार महिन्यांचं. हे न केल्यामुळे घाबरून आलेली जोडपी मी बरीच बघितलीत.

आता दुसरं मूल. हे थोडक्यात सांगते, पण या दोघांपैकी जास्त लक्षात ठेवायचं हेच. नऊ वर्षांचा मुलगा, घाटकोपरचा. आला होता खोकल्यासाठी. वजनाबद्दल कुणाची तक्रारच नव्हती, उलट "आता कुठे जरा भरलाय" म्हणून आजी खूश. शाळेच्या जुन्या हेल्थ कार्डवर सातव्या वर्षी १२२ नाही, ११९ सेंटिमीटर आणि २२ किलो लिहिलं होतं. (१२२ आठव्या वर्षीची. मी पण पहिल्यांदा चुकीची ओळ वाचली.) आता, नऊ वर्षांना, १२५ सेंटिमीटर आणि ३१ किलो.

वजनाची रेष एकटी बघितली तर छान वर चाललेली. उंची बघा: ११९, १२२, १२५. वर्षाला तीन सेंटिमीटर. या वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, आणि चारच्या खाली गेलं की शोध घ्यायचा. उंचीचा ठिपका मधल्या रेषेच्या थोडं खालून सुरू होऊन १०च्या रेषेकडे निघाला होता. वजन वर, उंची खाली.

वडापाव आणि मोबाइलने जाड झालेली मुलं सहसा वयाच्या मानाने उंच असतात, कारण जादा खाण्याने उंचीही थोडी पुढे ढकलली जाते. वजन चढतंय आणि उंची मंदावते, हे चित्र त्यात बसत नाही. तिथे हार्मोनचा विचार करायचा. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, हो, बद्धकोष्ठ असतं, फॅन लावला की चादर घेतो, शाळेतून आला की झोपतो. "अभ्यासाचा कंटाळा" म्हणून वर्षभर ओरडा खात होता बिचारा. रक्तात टीएसएच खूप वाढलेलं निघालं. थायरॉइडची ग्रंथी कमी काम करत होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी. पुढच्या वर्षभरात तो आठ सेंटिमीटर वाढला.

दोन वर्षं त्याचं वजन दरवेळी घेतलं गेलं होतं. उंची कार्डावर लिहिलेलीही होती. तीन आकडे एकमेकांतून वजा कुणी केले नव्हते.

शाळेच्या वयात, म्हणजे साधारण तीन वर्षांपासून वयात येईपर्यंत, मूल आपली रेष सहसा सोडत नाही. म्हणून तेव्हा उंचीने एक रेष ओलांडली तरी दाखवून घ्या, खाली असो किंवा वर. सात वर्षांची मुलगी अचानक सगळ्यांपेक्षा उंच व्हायला लागली तर घरात कौतुक होतं, पण ती लवकर वयात येत असू शकते, आणि अशा मुलींची वाढ पुढे लवकर थांबते.

लहान बाळांसाठी मात्र, वजन पुढच्या मापाला वाढण्याऐवजी घटलं असेल, उलट्या-जुलाब थांबत नसतील, दूध पिताना बाळ दमत किंवा घामाघूम होत असेल, तर तिसऱ्या ठिपक्याची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

आपल्या मुलुंडच्या छोटीचं एक राहिलं. दुसऱ्या वाढदिवसानंतर आईचा पुन्हा फोन, "डॉक्टर, आता वजन नीट आहे पण उंचीच घसरली." प्लेग्रुपमध्ये तिला भिंतीला उभी करून मोजलं होतं, ८३.८. आईने तो आकडा दोन वर्षांपर्यंतच्या चार्टवर टाकला होता. तो चार्ट झोपवून मोजलेल्या लांबीचा आहे, आणि उभं राहिलं की माणूस थोडा दबतो, साधारण ०.७ सेंटिमीटरने. दवाखान्यात आली तेव्हा मी तिला फळीवर झोपवलं, आजीने डोकं धरलं. ८४.५. तीच जुनी रेष.